प्रार्थनेच्या रांगेतलं स्वप्न

«माझी मुलगी १३ वर्षांची आहे, आठवीत शिकते. गेल्या वर्षी तिची पाळी सुरू झाली, दिवाळीत दातांना तारा लावल्या. तीन-चार महिन्यांपासून ती पहाटे दचकून उठते. विचारलं की “काही नाही गं आई” म्हणते. मागच्या आठवड्यात तिच्या दप्तरात एक वही सापडली, त्यात ती स्वप्नं लिहिते. मी सगळी वाचली, तिला हे माहीत नाही. एका स्वप्नात ती शाळेत प्रार्थनेला उभी आहे, स्कर्टवर डाग पडलाय आणि सगळी शाळा बघतेय. हे तीनदा लिहिलंय. एकात तिच्याच मैत्रिणी तिला “तू कोण?” असं विचारतात. एकात आरशासमोर दात गळून हातात येतात. आणि एकात ती मुलगा झालीय, मैदानावर क्रिकेट खेळतेय. त्याखाली लिहिलंय, “खूप मस्त वाटलं.” दातांचं मी सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, घरात काहीतरी वाईट घडणार, आणि त्यांनी तिची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. मला मात्र शेवटच्या स्वप्नाची जास्त भीती वाटते. या स्वप्नांचा अर्थ काय? तिला कुणाला दाखवायला हवं का?»
— एक आई, सातारा जिल्हा

ताई,

दातांपासून सुरुवात करते, कारण त्या एका स्वप्नामुळे तुमच्या घरात सगळ्यांचीच झोप उडालेली दिसते. दात पडण्याचं स्वप्न जगभर माणसांना पडतं आणि बऱ्याच ठिकाणी त्याचा संबंध घरातल्या मृत्यूशी जोडतात. इस्राएलमधल्या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये याच स्वप्नाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना हे स्वप्न पडत होतं, त्यांच्यात मनाचा त्रास जास्त आहे असं काही दिसलं नाही. त्यांच्यात सकाळी उठल्यावर दात, हिरड्या किंवा जबड्यात ताण जाणवण्याचं प्रमाण मात्र जास्त होतं. आता तुमच्या लेकीचं तोंड पाहा. तारा लावलेल्या आहेत, त्या आवळल्या की दोन-चार दिवस दात ठणकतात. शिवाय दुसऱ्या दाढा ११ ते १३ या वयातच येतात. झोपेत मेंदूला तोंडातला हा ताण कळत असावा आणि तो त्याचं चित्र करत असावा. तारा आवळल्याची तारीख आणि वहीतली तारीख जवळजवळ येतात का, हे तिचं तिला ताडून बघू द्या. झोपेत ती दात खात असेल तर दाताच्या डॉक्टरांना तेवढं सांगा.

सासूबाईंनी दृष्ट काढली त्यात मायाच होती, त्यावरून घरात वाद घालू नका. फक्त “घरात काहीतरी वाईट घडणार” हे वाक्य मुलीच्या कानावर गेलं असेल, तर ते आजच पुसा. १३ वर्षांच्या मुलीला आपल्या स्वप्नामुळे आजी-आजोबांना काहीतरी होईल असं वाटायला लागलं, तर ती झोपायलाच घाबरेल.

आता पहाटेबद्दल. पहाटेचं स्वप्न खरं होतं, असं आपण लहानपणापासून ऐकलंय. झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी पुढे सरकते. प्रत्येक फेरीच्या शेवटी एक टप्पा येतो, त्यात डोळे पापण्यांखाली भराभर हलतात आणि ठसठशीत स्वप्नं मुख्यतः तेव्हाच पडतात. रात्रीच्या सुरुवातीला हा टप्पा काही मिनिटांचा असतो, पहाटेकडे तो लांबत जातो. म्हणून पहाटेची स्वप्नं लांब आणि रंगीत असतात, आणि त्यातूनच जाग आली की ती लक्षातही राहतात. शाळा सातची असली तर गजर पावणेसहाला वाजतो, म्हणजे बरोब्बर या लांब टप्प्याच्या मध्यात. त्यात या वयात शरीराचं घड्याळ पुढे सरकलेलं असतं, दहा वाजले तरी मुलांना झोप येत नाही. १३ ते १८ या वयात ८ ते १० तास झोप हवी असते आणि सकाळच्या शाळेच्या मुलांना ती क्वचितच मिळते. २०२४ मध्ये आपल्या राज्य शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. लहानग्यांसाठी ते चांगलंच झालं. पण ज्यांचं घड्याळ खरोखर उशिराचं आहे ती आठवी-नववीची मुलं त्यात आली नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

म्हणजे ती पहाटे दचकते यात अघटित काही नाही. या वयात मुलींना वाईट स्वप्नं मुलांपेक्षा जास्त पडतात, असं कॅनडातल्या एका मोठ्या पाहणीत १३व्या आणि १६व्या अशा दोन्ही वर्षी दिसलं होतं. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. अशी स्वप्नं वारंवार पडणाऱ्या मुलामुलींमध्ये दिवसाची काळजीही जास्त होती. म्हणून तुमचा “अर्थ काय?” हा प्रश्न मला थोडा वळवावासा वाटतो. अर्थ स्वप्नातल्या वस्तूंत शोधू नका. साप म्हणजे हे आणि पाणी म्हणजे ते, अशी यादी कुठेही मिळते, पण तिचा उपयोग नसतो. त्याऐवजी स्वप्नात तिला वाटलं काय आणि तसंच दिवसा कधी वाटतं, हे बघा.

आपल्याकडे “मनी वसे ते स्वप्नी दिसे” म्हणतात. कॅल्विन हॉल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हजारो स्वप्नं गोळा करून जे सांगितलं, ते याच्या फार जवळचं आहे: जागेपणी माणूस ज्यात गुंतलेला असतो, तेच स्वप्नात येतं. पण आपण ही म्हण बहुतेक वेळा इच्छेबद्दल वापरतो आणि तिथे गफलत होते. मनात नुसती इच्छा वसत नाही. भीती वसते, लाज वसते, एखादा न सुटलेला प्रश्न वसतो.

डागाचं स्वप्न घेऊ, कारण ते तीनदा आलंय आणि त्यावर खरोखर काही करता येतं. मी शाळांमध्ये समुपदेशन करते. आठवीतल्या एका मुलीला अगदी असंच स्वप्न पडायचं. मी तिला एक महिना फक्त तीन गोष्टी टिपायला सांगितल्या: स्वप्न कोणत्या रात्री पडलं, झोपायला किती वाजले आणि स्वप्नात काय वाटलं. महिन्यात चार वेळा स्वप्न पडलं, त्यातल्या तीन रात्री शुक्रवारच्या होत्या. शनिवारी पीटी असायची आणि पीटीचा गणवेश पांढराशुभ्र. तिची पाळी सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं. पहिली दोन-तीन वर्षं पाळीचं अंतर २१ दिवसांपासून ४५ दिवसांपर्यंत काहीही असू शकतं, त्यामुळे ती कधी येईल हे त्या पोरीला सांगताच येत नव्हतं. तिची भीती खुळी नव्हती. दर शनिवारी ती खरोखरच पांढऱ्या कपड्यात, सातशे मुलांसमोर, बेभरवशाच्या तारखेला उभी राहात होती.

तिच्या आईने वर्गशिक्षिकांची गाठ घेतली. बाईंनी फक्त या मुलीला सूट दिली नाही, कारण तिला एकटीलाच निळी ट्रॅक पँट घालायला दिली असती तर तेवढ्यानेच सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या असत्या. आठवीपासून पुढच्या सगळ्याच मुलींना निळी पँट चालेल, असं ठरलं. दप्तराच्या आतल्या कप्प्यात एका कापडी पिशवीत दोन पॅड, गडद रंगाची एक निकर आणि जुनं वर्तमानपत्र ठेवलं. कोणत्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे, हे तिने आणि तिच्या मैत्रिणीने आधीच बघून ठेवलं.

दुसरं काम तिने वहीत केलं. स्वप्न जसंच्या तसं लिहायचं नाही, त्याचा पुढचा भाग आपल्याला हवा तसा बदलून लिहायचा. तिने लिहिलं: “मला डाग दिसतो. मी रांगेतून बाहेर पडते, कडी असलेल्या बाथरूममध्ये जाते, निकर बदलते आणि परत येते. प्रतिज्ञा चालूच असते.” हे ती रोज दिवसा, झोपायच्या बरंच आधी, पाच-दहा मिनिटं डोळे मिटून मनात बघायची. वाईट स्वप्नांवर मोठ्या माणसांसाठी वापरली जाणारी ही उपचारपद्धत आहे. मुलांबरोबर ती सौम्य स्वप्नावरच करावी, आणि बदल मुलाने स्वतः सुचवलेला असावा, आईने नाही. स्वप्न लगेच थांबलं नाही. नंतर ते एकदा पडलं, तेव्हा ती स्वप्नात खरंच रांगेतून बाहेर पडली. मला सांगताना ती हसत होती.

प्रार्थनेच्या स्वप्नात “सगळी शाळा बघतेय” हे शब्द आहेत. ते महत्त्वाचे वाटतात. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये या वयाबद्दल लिहिताना काल्पनिक प्रेक्षकांची कल्पना मांडली. दुसऱ्यांच्या मनात काय चाललंय याचा विचार करण्याची ताकद या वयात नव्याने येते, आणि मग मुलांना वाटतं की सगळ्यांच्या मनात आपणच आहोत. चेहऱ्यावरची एक पुटकुळी, तारेत अडकलेला पालकाचा तुकडा, सगळ्यांनी पाहिला असेल. तिला “अगं कोण कशाला बघतंय तुझ्याकडे!” म्हणू नका. आपण धीर द्यायला म्हणतो, तिला मात्र ते “तुला उगीच वाटतं” असं ऐकू येतं. “असं वाटलं की पोटात गोळा येत असेल ना?” एवढं पुरेसं आहे.

मैत्रिणी ओळखत नाहीत, या स्वप्नाबद्दल मी अंदाज बांधणार नाही. दोन गोष्टी असू शकतात. एक तर तिचा चेहरा, उंची, आवाज, अंगकाठी वर्षभरात इतकी बदलली आहे की आरशातली मुलगी तिला स्वतःलाच नवी वाटत असेल. किंवा वर्गात खरोखर काही घडलं असेल: तुकडी बदलली, कुणीतरी ग्रुपमधून काढलं, तारांवरून नाव ठेवलं. हे शोधायला थेट “तुला कुणी त्रास देतं का?” विचारलं तर उत्तर “नाही” येतं. विचारायचा प्रश्न असा: “हल्ली डबा कुणाबरोबर खातेस?” मग सहलीत शेजारी कोण बसतं, पीटीला जोडी कोण, हे. दोन महिन्यांपूर्वी चार नावं यायची आणि आता “कुणाबरोबरही” असं उत्तर येतं, तर स्वप्न बाजूला ठेवा आणि वर्गशिक्षिकांशी बोला. तिच्या फोटोचं स्टिकर करून फिरवणं, रोज एकाच नावाने चिडवणं, ठरवून वाळीत टाकणं ही थट्टा नाही.

आणि आता ते स्वप्न, ज्याची तुम्हाला भीती वाटते.

ताई, तिने खाली लिहिलंय, “खूप मस्त वाटलं.” त्यात भीती नाही. काय मस्त वाटलं असेल? मैदानात मोकळं धावता आलं, कुणी “नीट बस” म्हणालं नाही, कुणी पाळीच्या तारखा विचारल्या नाहीत, संध्याकाळी सातला हाक आली नाही. या वयात बऱ्याच मुलींना घरची बंधनं अचानक आवळल्यासारखी वाटतात, आणि भाऊ किंवा शेजारचा मुलगा मात्र तसाच बाहेर असतो. असंही असेल की आपण कोण आहोत, हा प्रश्न ती खरोखर मनात चाचपून बघतेय. यातलं कोणतं खरं, हे एका स्वप्नावरून तुम्ही, मी किंवा कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. माणसाची लैंगिक ओळख स्वप्नावरून ठरत नाही. तशी काही ओळख तिला जाणवत असेल, तर ती जागेपणी, तिच्या वेळेला, तिच्या शब्दांत सांगेल. सांगेल का, हे तुम्ही आज कशा वागता यावर बरंच अवलंबून आहे.

म्हणून एक सावधगिरी. घाबरून तिला “हे बदलून देतो” म्हणणाऱ्या कुणाकडे नेऊ नका, मग तो बुवा असो की पाटी लावलेला डॉक्टर. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे तथाकथित उपचार म्हणजे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन आहे असं स्पष्ट केलं आहे. सध्या तुम्ही एकच करू शकता: रविवारी तिला क्रिकेट खेळायला बाहेर जाऊ द्या. स्वप्नाचं नाव न काढता.

वहीबद्दल मला स्पष्ट बोलावं लागेल. तुम्ही काळजीने वाचली, हे कळतं. पण वहीत वाचलेलं बोलण्यात डोकावतंच, आणि ज्या दिवशी तिला कळेल त्या दिवशी ती लिहिणं थांबवेल किंवा वही लपवेल. ती लिहितेय ही फार चांगली गोष्ट आहे, ती मोडू देऊ नका. माझं मत, तुम्हीच सांगून टाका. लांबण लावू नका: “तुझी वही सापडली, मी ती वाचली. मला काळजी वाटत होती, पण विचारल्याशिवाय वाचायला नको होती. पुन्हा वाचणार नाही. तुला कधी काही सांगावंसं वाटलं तर मी ऐकेन, नाही वाटलं तरी चालेल.” ती चिडेल, रडेल, दोन दिवस बोलणार नाही. सहन करा. त्या वेळी “पण त्या क्रिकेटच्या स्वप्नाचं काय?” हे मुळीच विचारू नका.

पुढे बोलायची वेळ आली तर ती पहाटे, दचकून उठल्यावर नको. तेव्हा फक्त पाणी द्या, पाठीवर हात ठेवा, दिवा थोडा वेळ राहू द्या. बोलणं दिवसा, आणि समोरासमोर बसून नाही. स्कूटरवर मागे बसलेली असताना, कपड्यांच्या घड्या घालताना, शेंगा सोलताना. डोळ्याला डोळा नसला की या वयाची मुलं जास्त बोलतात. तिने स्वप्न सांगितलं तर आधी “कसं वाटलं?” विचारा, मग “असं दिवसा कधी वाटतं का?”, आणि ती थांबली की तुम्हीही थांबा.

मुलग्यांच्या आई-वडिलांची पत्रंही मला येतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. १२-१४ वर्षांच्या मुलाला झोपेत वीर्यस्खलन होणं हे पाळी येण्याइतकंच नैसर्गिक आहे. पण आपण त्याला नाव दिलंय “स्वप्नदोष”, आणि त्या शब्दातच मुलाला आपण काहीतरी पाप किंवा आजार केल्यासारखं वाटतं. धातू गेली की ताकद गेली, या भीतीने आपल्याकडे पुरुष इतके खंगतात की डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये त्या त्रासाला स्वतंत्र नाव दिलं. मुलाला “शक्तीचं” औषध देणाऱ्यांपासून लांब ठेवा. बाबांनी, मामांनी किंवा मोठ्या भावाने आधीच सांगून ठेवावं: “असं होईल, सगळ्यांना होतं, चादर धुवायला टाक.” शाळेच्या शिबिराला मुक्कामी जायला मुलगा अचानक नकार देतो, तेव्हा कारण पुष्कळदा एवढंच असतं.

कुणाला दाखवायला हवं का, या प्रश्नाचं उत्तर आज तरी “लगेच नाही” असं आहे. एक महिना झोप सुधारून बघा: रात्री मोबाइल तिच्या खोलीबाहेर चार्जिंगला, रविवारी उठण्याची वेळ रोजच्यापेक्षा तास-दीड तासाहून जास्त पुढे नको. ती दमा किंवा ॲलर्जीसाठी माँटेलुकास्ट असलेली गोळी घेत असेल तर डॉक्टरांना सांगा, त्याने काही मुलांना वाईट स्वप्नं पडतात. गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

महिन्यानंतरही आठवड्यात दोन-तीनदा असंच होत असेल, ती झोपायला टाळत असेल, अभ्यास आणि जेवण सुटत असेल, तर बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. काही गोष्टींसाठी मात्र महिना थांबायचं नाही. एकच प्रसंग जसाच्या तसा स्वप्नात येत असेल आणि ती एखाद्या माणसाला किंवा जागेला टाळत असेल, तर तो प्रसंग खरोखर घडलेला असू शकतो. तिच्यावर विश्वास ठेवा. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८ आहे. आणि वारंवार दुःस्वप्नं पडणाऱ्या मुलांमध्ये स्वतःला इजा करण्याचे विचार जास्त आढळतात, म्हणून ती खूप गप्प झाली असेल तर सरळ विचारा, “जगणं नको असं वाटतं का कधी?” विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उत्तर “हो” आलं तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येतं.

एक काम सासूबाईंसाठीही आहे. त्यांची पहिली पाळी कशी आली, तेव्हा शाळेत काय वापरायच्या, कुणाला सांगितलं, हे त्यांनी नातीला सांगावं, शेंगा सोलता सोलता. बहुतेक आज्यांकडे डागाची एक तरी खरी गोष्ट असते. ती ऐकायला नात नक्की बसेल.